बायनरी सर्चमध्ये लॉगरिदम येतो कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्गोरिदम शिकायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात `O(log n)` समोर येतं, म्हणजे n नोंदींसाठी लागणारं काम n च्या लॉगच्या प्रमाणात वाढतं असं सांगणारी खूण. बरेच विद्यार्थी ते पाठ करतात आणि पुढे जातात. मी हा विषय शिकवतो, आणि माझा अनुभव असा की इथे थोडा वेळ थांबलं तर पुढची बरीच प्रकरणं सोपी जातात. म्हणून वर्गात मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. उदाहरण बहुतेक ठिकाणी एकच घेतलं आहे: दहावीच्या निकालाची यादी. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे १५ लाख विद्यार्थी ही परीक्षा देतात. बैठक क्रमांकातलं अक्षर बाजूला ठेवू आणि फक्त आकडे चढत्या क्रमाने लावले आहेत असं धरू.

## लॉगरिदम तर शाळेत गुणाकार सोपे करायला वापरायचे. ते प्रोग्रामिंगमध्ये कशाला?

शाळेत लॉगची ओळख कोष्टकातून होते, त्यामुळे लॉग म्हणजे कोष्टकात बघायची दशांशातली संख्या अशी समजूत बसते. ती तात्पुरती बाजूला ठेवा आणि लॉगला एक साधा प्रश्न समजा: एखाद्या संख्येला २ ने किती वेळा भागलं की १ उरतो? १६ घ्या. १६ चे ८, ८ चे ४, ४ चे २, २ चा १. चार वेळा भागलं. म्हणून `log2(16) = 4`.

हाच प्रश्न उलट्या बाजूनेही विचारता येतो. १ पासून सुरू करून किती वेळा दुप्पट केलं की १६ होतात? उत्तर तेच, चार. दुप्पट करत जाणं म्हणजे घातांक वाढवणं, आणि निम्मं करत खाली येणं म्हणजे तो घातांक मोजणं. जिथे काम प्रत्येक पायरीला निम्मं होतं तिथे पायऱ्या मोजायला बसलात की हातात लॉगच येतो. तो बाहेरून आणून चिकटवलेला नाही. पायऱ्यांच्या त्या संख्येचंच नाव लॉग आहे.

## बायनरी सर्च नेमका कसा चालतो? एकदा हाताने करून दाखवाल का?

क्रमाने लावलेल्या यादीतली मधली नोंद बघायची, हवी ती नोंद ज्या अर्ध्यात असूच शकत नाही तो अर्धा सोडायचा, आणि उरलेल्यात तेच पुन्हा करायचं. आधी कोड बघू. पायथॉनमध्ये तो इतकाच आहे:

```python
def shodh(a, x):
    low, high = 0, len(a) - 1
    while low <= high:
        mid = low + (high - low) // 2
        if a[mid] == x:
            return mid
        if a[mid] < x:
            low = mid + 1
        else:
            high = mid - 1
    return -1
```

आता १५ क्रमांकांची छोटी यादी घेऊ. जागा ० ते १४, आणि त्यांवरचे क्रमांक असे: १०४, १११, ११९, १२६, १३८, १४२, १५५, १६३, १७०, १८८, १९१, २०३, २१७, २२९, २४०. आपल्याला १९१ शोधायचा आहे.

सुरुवातीला low ० आणि high १४, म्हणून मधली जागा ७. तिथे १६३ आहे. १९१ त्याहून मोठा, म्हणजे जागा ० ते ७ पूर्ण बाद. एका तुलनेत आठ क्रमांक गेले आणि सात उरले. आता low ८, high १४, मधली जागा ११, तिथे २०३. आपला क्रमांक लहान आहे, म्हणून ११ आणि त्यापुढचं सगळं बाद. उरल्या ८, ९, १० या तीन जागा. मधली ९, तिथे १८८. आपला मोठा, म्हणून फक्त जागा १० उरली. तिथे १९१ आहे. चार तुलना झाल्या.

उरलेल्या क्रमांकांची संख्या कशी घटली ते पाहा: १५, ७, ३, १. आता याच यादीत नसलेला क्रमांक, समजा २००, शोधून पाहा. पहिल्या तीन तुलना तशाच होतात. चौथ्या तुलनेत १९१ हा २०० पेक्षा लहान निघतो, low ११ होतो, high १० वरच राहतो, आणि लूप संपतो. म्हणजे ‘नाही’ हे उत्तरसुद्धा चार तुलनांतच मिळालं. विद्यार्थ्यांना हे सहसा खरं वाटत नाही, म्हणून मी ते वहीवर करायला लावतो. एक-एक करत शोधताना ‘नाही’ म्हणायला बहुतेक वेळा पूर्ण यादी चाळावी लागते. इथे ती लागत नाही, कारण २०० असता तर तो १९१ आणि २०३ यांच्या मध्येच असता, आणि तिथे जागाच नाही.

## १५ लाख नोंदींसाठी नक्की किती तुलना लागतील?

जास्तीत जास्त २१. सूत्रावर विश्वास ठेवण्याआधी मोजून बघा. प्रत्येक वेळी निम्मे करायचे आणि अपूर्णांक आला तर सोडून द्यायचा: १५,००,०००, ७,५०,०००, ३,७५,०००, १,८७,५००, ९३,७५०, ४६,८७५, २३,४३७, ११,७१८, ५,८५९, २,९२९, १,४६४, ७३२, ३६६, १८३, ९१, ४५, २२, ११, ५, २, १. या २१ संख्या आहेत, आणि प्रत्येक संख्येपाशी एक तुलना होते.

सूत्र आहे `floor(log2(n)) + 1`. १५ लाखांचा २ या पायाचा लॉग साधारण २०.५ येतो. खाली आणून २०, त्यात १ मिळवून २१. हा शेवटचा १ बऱ्याच जणांचा राहून जातो. तो येतो कारण यादीत एकच नोंद उरली तरी ती हवी तीच आहे का हे बघायला एक तुलना लागतेच.

सूत्राला आणखी एक ओळखीचा चेहरा आहे. एखादी संख्या द्विमान पद्धतीत लिहायला जितके अंक लागतात तितकंच हे उत्तर येतं. १५ द्विमानात `1111`, चार अंक, चार तुलना. १६ द्विमानात `10000`, पाच अंक, पाच तुलना. यादी १५ वरून १६ झाली की कमाल तुलना एकने वाढते, आणि पुढची वाढ थेट ३२ ला होते. १० लाख नोंदींना २० तुलना आणि १०० कोटींना ३०. यादी हजारपट झाली तरी दहाच तुलना वाढल्या, कारण २ चा दहावा घात १,०२४ आहे.

## लॉगचा पाया २ आहे की १०? पुस्तकात तर पाया लिहिलेलाच नसतो.

जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगरिदम प्रसिद्ध केले आणि पुढे हेन्री ब्रिग्जने १० हा पाया घेऊन कोष्टकं केली. आपली संख्या लिहायची पद्धत दशमान आहे, म्हणून आकडेमोडीला १० सोयीचा. बायनरी सर्चमध्ये दोन भाग होतात, म्हणून २ सोयीचा.

`O(log n)` लिहिताना पाया गाळतात, कारण एका पायावरून दुसऱ्यावर जायला फक्त एका ठरलेल्या संख्येने गुणावं लागतं: `log2(n) = log10(n) / log10(2)`, म्हणजे साधारण ३.३२ पट. n कितीही असो, ही पट तीच राहते. `O` मध्ये अशी स्थिर पट मोजायची नाही असंच ठरलेलं आहे.

मग लगेच प्रश्न येतो की दोनऐवजी तीन भाग केले तर? तिथे लॉगचा पाया ३ होतो आणि फेऱ्या कमी होतात. १५ लाखांना २१ ऐवजी १३ फेऱ्या. पण तीन भाग करायचे तर प्रत्येक फेरीत दोन ठिकाणी तुलना करावी लागते. १३ गुणिले २, म्हणजे वाईट प्रसंगी २६ तुलना. दोन भागांची पद्धतच सरस ठरली. वर्गात हे फळ्यावर मांडलं की ‘जास्त भाग म्हणजे जास्त वेग’ ही समजूत तिथल्या तिथे जाते.

असं असलं तरी पाया खऱ्या अर्थाने महत्त्वाचा ठरतो अशी एक जागा आहे: डेटाबेसचा इंडेक्स. बायर आणि मॅक्राइट यांचा बी-ट्रीवरचा लेख १९७२ मध्ये छापून आला, आणि आजही मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमध्ये नेहमीचा इंडेक्स त्याच कुळातला असतो. हा इंडेक्स म्हणजे डिस्कवर ठेवलेलं झाड. डिस्कवरून एका वेळी वाचला जाणारा तुकडा म्हणजे एक पान, आणि एका पानावर शेकडो फाटे असतात. समजा २०० आहेत. मग दोन पातळ्यांत ४० हजार नोंदी बसतात आणि तीन पातळ्यांत ८० लाख. आपले १५ लाख विद्यार्थी तीन पातळ्यांत मावले. पानाच्या आत योग्य फाटा शोधायला पुन्हा बायनरी सर्चच करावा लागतो, आठेक तुलनांचा, म्हणून एकूण तुलना २४ च्या आसपासच राहतात. कमी होतं ते डिस्कवरून पान आणणं: प्रत्येक तुलनेला वेगळं पान लागलं असतं तर २१ वेळा, इथे ३ वेळा. डिस्कवर जाणं हे मेमरीतल्या तुलनेच्या मानाने फार महाग आहे, त्यामुळे तिथे तुलना मोजायच्या नसतात, पानं मोजायची असतात. लॉग दोन्हीकडे आहे. आपण काय मोजतोय ते बदललं की पाया बदलतो.

## २१ पेक्षा कमी तुलनांत शोधणारी एखादी हुशार पद्धत निघणार नाही का?

फक्त ‘लहान, मोठा की समान’ एवढंच विचारायची मुभा असेल तर नाही. हे सिद्ध करता येतं आणि सिद्धता छोटी आहे.

समजा तुमच्यासमोर असा खेळाडू बसला आहे ज्याने क्रमांक आधी ठरवलेलाच नाही. तुम्ही कुठल्याही जागेबद्दल विचारा, तो बघतो की कुठल्या बाजूला जास्त शक्यता उरतात, आणि तसं उत्तर देतो. त्याची उत्तरं एकमेकांशी जुळतात, म्हणून तुम्ही त्याला खोटं ठरवू शकत नाही. एका प्रश्नात एक जागा तपासली जाते आणि उरलेल्यांतला निम्मा किंवा त्याहून मोठा भाग तो शिल्लक ठेवतो. असे २० प्रश्न विचारलेत तरी जास्तीत जास्त २ चा विसावा घात वजा १, म्हणजे १०,४८,५७५ जागांपैकी कुठलीही ओळखता येईल. आपल्याकडे १५ लाख जागा आहेत. म्हणजे तुमची पद्धत कोणतीही असो, काही जागा २० प्रश्नांत सापडणारच नाहीत. एकविसावा विचारावाच लागेल.

म्हणजे लॉग हा एका विशिष्ट पद्धतीचा गुण नाही, तर या प्रश्नाचीच ती किमान किंमत आहे. बायनरी सर्च बरोबर त्या किमतीत बसतो. मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

मात्र अट विसरू नका: फक्त तुलना. बैठक क्रमांक मध्ये एकही न गाळता ओळीने दिलेले असतील तर हव्या क्रमांकातून पहिला क्रमांक वजा करा, थेट जागा मिळाली. शोध लागलाच नाही. तिथे आपण क्रमांकाची किंमत वापरून गणित केलं, म्हणून वरची सिद्धता लागू होत नाही. हॅश टेबलही किमतीवरून थेट जागा काढतं, म्हणून त्याचंही तसंच.

## म्हणजे कोडमध्ये निम्मं करणं दिसलं की डोळे मिटून `O(log n)` लिहायचं का?

परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथेच जातात. निम्मं करणं ही अर्धी अट आहे. दुसरी अट अशी की प्रत्येक पायरीला लागणारं काम ठरावीक असावं, उरलेल्या यादीच्या लांबीवर ते अवलंबून नसावं. हा कोड पाहा:

```python
def ahe_ka(a, x):
    if not a:
        return False
    m = len(a) // 2
    if a[m] == x:
        return True
    if a[m] < x:
        return ahe_ka(a[m+1:], x)
    return ahe_ka(a[:m], x)
```

दिसायला नेटका आहे, उत्तरही बरोबर देतो, आणि तुलना खरंच २१ च्या आत होतात. पण पायथॉनमध्ये `a[m+1:]` लिहिलं की तेवढ्या भागाची नवी प्रत तयार होते. पहिल्या पायरीला साडेसात लाख नोंदींची प्रत, दुसऱ्या पायरीला पावणेचार लाखांची, मग त्याच्या निम्म्या. सगळी बेरीज जवळजवळ १५ लाख. म्हणजे काम n च्या प्रमाणात झालं, `O(n)`. याहून साधा लूप लावून एकेक नोंद बघितली असती तरी तेवढंच झालं असतं.

लिंक्ड लिस्टवर बायनरी सर्च केला की हेच घडतं. मधल्या नोंदीपर्यंत उडी मारता येत नाही, एकेक दुवा ओलांडत चालत जावं लागतं. आधी n/2 दुवे, मग n/4, मग n/8. बेरीज पुन्हा n च्या आसपास. ॲरेमध्ये कुठल्याही जागेवर एका झटक्यात जाता येतं, आणि बायनरी सर्चचा सगळा डोलारा त्या एका सोयीवर उभा आहे.

उलट दिशेची चूकही होते. एखादा लूप दर फेरीला यादीतून १०० नोंदी कमी करतो, आणि विद्यार्थी लिहितो ‘झपाट्याने कमी होतंय, म्हणून लॉग’. नाही. १५ लाखांतून १००-१०० वजा करत गेलात तर १५ हजार फेऱ्या होतील, आणि यादी दुप्पट केली की फेऱ्याही दुप्पट. वजाबाकीने n मिळतो, भागाकाराने लॉग. भागाकार २ नेच हवा असं नाही. दर वेळी यादीचा फक्त दहावा हिस्सा जरी बाद झाला तरी लॉगच येतो, फक्त फेऱ्या काहीपट वाढतात.

## यादी आधी क्रमाने लावावी लागते. तो खर्च का मोजत नाही?

मोजायलाच हवा. तुलना करून क्रम लावायच्या चांगल्या पद्धतींना साधारण `n log2(n)` तुलना लागतात. मर्ज सॉर्ट डोळ्यांसमोर आणा: एकेका नोंदीच्या जोड्या होतात, जोड्यांचे चारचे गट, चारांचे आठांचे. दुप्पट होत होत पूर्ण यादी व्हायला १५ लाखांना २१ पातळ्या लागतात आणि प्रत्येक पातळीवर सगळ्या नोंदी एकदा हाताळल्या जातात. लॉग इथेही पातळ्यांच्या संख्येतूनच आला.

१५ लाख गुणिले २०.५ म्हणजे तीन कोटींच्या थोडं वर. क्रम न लावता सरळ शोधलं तर यादीत असलेला क्रमांक सरासरी साडेसात लाख तुलनांत सापडतो. तीन कोटी साडेसात लाखांना साडेसात लाखांनी भागा, ४१ येतं. म्हणजे चाळीसेक शोधांपेक्षा कमी करायचे असतील तर क्रम लावायचा खटाटोप करू नका. निकालाच्या दिवशी लाखो जण शोधणार असतील तर तो खर्च पहिल्याच क्षणी वसूल होतो. हा हिशेब फक्त तुलनांचा आहे, पण निर्णय घ्यायला पुरेसा आहे.

## यादी क्रमाने लावली आहे, तरी असलेली नोंद सापडत नाही. असं का?

क्रम लावणारा आणि शोधणारा यांची ‘लहान-मोठं’ची व्याख्या वेगळी असली की असं होतं. बायनरी सर्च तक्रार करत नाही, चुकीच्या बाजूला जातो आणि शांतपणे ‘नाही’ म्हणतो.

आकड्यांत हे घडतं ते क्रमांक मजकूर म्हणून साठवले असतील तेव्हा. संख्या म्हणून ९९ हा १०४ पेक्षा लहान, पण मजकूर म्हणून `"104"` आधी येतो, कारण पहिलं चिन्ह `1` हे `9` च्या आधी आहे.

मराठीत काम करणाऱ्यांना याहून जवळची अडचण भेटते. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडमध्ये मात्र ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी आहे. समजा शब्दसूची वर्णमालेच्या क्रमाने लावली आहे: कणीस, कमळ, कवच, कसर, कळस. आता ‘कळस’ शोधा. मधला शब्द ‘कवच’. प्रोग्राम युनिकोडने तुलना करतो, त्याच्या लेखी ळ हा व च्या आधी, म्हणून तो डावीकडे जातो. मग कणीस, मग कमळ, आणि उत्तर: नाही. शब्द यादीत शेवटी आहे. क्ष आणि ज्ञ यांचंही असंच. वर्णमालेत ते शेवटी, पण युनिकोडमध्ये क्ष हा क ने सुरू होतो आणि ज्ञ हा ज ने.

तपासायचं असेल तर एक छोटा लूप लिहा: शेजारशेजारच्या प्रत्येक दोन नोंदी घ्या आणि शोधताना जी तुलना वापरता तीच वापरून `a[i] <= a[i+1]` आहे ना ते बघा. एकाही ठिकाणी मोडलं तर दोष यादीत आहे, शोधाच्या कोडमध्ये नाही.

## एवढ्या छोट्या कोडमध्ये चुकण्यासारखं काय आहे?

दोन गोष्टी. पहिली `low = mid + 1` ऐवजी `low = mid` लिहिणं. low ३ आणि high ४ असेल तर मधली जागा ३ येते. तिथली नोंद लहान असेल तर low पुन्हा ३. यादी लहान होणं थांबलं, म्हणून लूपही थांबत नाही. ही चूक काही किमतींनाच दिसते, इतरांना उत्तर बरोबर येतं, म्हणून चाचणी करताना पहिली, शेवटची, आणि दोन्ही टोकांबाहेरची अशी किंमत जरूर द्या. निम्मं करण्याच्या भाषेत सांगायचं तर मधली जागा तपासून झाल्यावर ती बाद व्हायलाच हवी.

दुसरी चूक मधली जागा काढताना होते. `(low + high) / 2` लिहिलं आणि पूर्णांक ३२ बिटांचा असला तर बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या वर जाताच जावामध्ये ऋण संख्या मिळते. जावाच्या स्वतःच्या `Arrays.binarySearch` मध्ये हा दोष अनेक वर्षं होता, आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी त्याबद्दल जाहीरपणे लिहिलं. तो इतकी वर्षं लपला, कारण दिसायला यादीत १०० कोटींहून जास्त नोंदी लागतात. वर मी `low + (high - low) // 2` असं लिहिलं ते त्यासाठीच. पायथॉनच्या पूर्णांकांना ही मर्यादा नाही, पण सी किंवा जावात जाल तेव्हा हात तसाच वळलेला असावा.

## ॲरे नसतानाही हा लॉग उपयोगी पडतो का?

पडतो. मी तो सर्वांत जास्त वापरतो गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात. समजा मागच्या आवृत्तीत प्रोग्राम नीट चालत होता, आज मोडला आहे, आणि मध्ये १,००० बदल झाले आहेत.

```
git bisect start
git bisect bad
git bisect good v2.1
```

गिट मधला बदल काढून देतो, तुम्ही चाचणी करून `good` किंवा `bad` सांगता, आणि दहाएक चाचण्यांत दोषी बदल हातात येतो. इथे यादीच्या क्रमाची जागा दुसऱ्या अटीने घेतली आहे: एकदा मोडलं की पुढे मोडलेलंच राहिलं पाहिजे. चाचणी कधी पास, कधी नापास होणारी असेल तर ही अट मोडते. एक चुकीचं उत्तर दिलं की उरलेल्या सगळ्या पायऱ्या चुकीच्या अर्ध्यात शोधत बसतात. अशा वेळी प्रत्येक टप्प्यावर चाचणी तीन-चार वेळा चालवा.

## माझा कोड खरंच लॉगरिदमिक आहे हे कसं ओळखू?

घड्याळाने ओळखायला जाऊ नका. २१ तुलनांचा वेळ इतका छोटा असतो की मोजणीतल्या गडबडीतच हरवून जातो. त्याऐवजी कोडमध्ये एक मोजणी ठेवा, दर तुलनेला ती एकने वाढवा, आणि यादी दुप्पट करत जा. १,००० नोंदींना जास्तीत जास्त १०, २,००० ला ११, ४,००० ला १२, ८,००० ला १३ असं यायला हवं. यादी दुप्पट झाली आणि मोजणीत एकची भर पडली, तर लॉग.

मात्र वरचा तुकडे पाडणारा पायथॉनचा कोड या मोजणीतून सुटतो, कारण त्याच्या तुलना कमीच आहेत. त्याच्यासाठी घड्याळ चालतं, कारण तिथे मोजण्याजोगा वेळ जातोच. १० लाखांवर आणि २० लाखांवर प्रत्येकी शंभर शोध करा. वेळ दुप्पट झाला तर कुठेतरी प्रत तयार होते आहे, आणि ती बहुतेक वेळा `:` असलेल्या कंसातच सापडते.